कंपनीकडे इतिहास मागू नकोस, तू लिहिलेला तपासून घे

प्रश्न: "मी बारावी कॉमर्सला आहे, पलूस तालुक्यात राहते. प्रकल्पासाठी 'किर्लोस्कर कंपनी' हा विषय घेतलाय, कारण किर्लोस्करवाडी शेजारीच आहे आणि आमच्या गावात घरटी कुणीतरी तिथे कामाला होतं किंवा आहे. सर म्हणाले, कंपनीच्या कॉर्पोरेट कम्युनिकेशन्स ऑफिसला पत्र लिहून माहिती मागव, लेटरहेडवर उत्तर आलं तर फाइलला वजन येईल. मी मसुदा केलाय: 'मा. महोदय, मला आपल्या कंपनीच्या स्थापनेचा संपूर्ण इतिहास व सर्व उत्पादनांची यादी हवी आहे. तरी लवकरात लवकर पाठवावी, ही नम्र विनंती.' हे पाठवू का? कुठे पाठवू? उत्तर येईल का?"

उत्तर:

या रूपात पाठवू नकोस. भाषेत काही चूक नाही, नम्र आहे, शुद्ध आहे. अडचण अशी, की हे पत्र ज्याच्या टेबलावर जाईल त्याला नेमकं काय करायचं ते कळणार नाही, आणि कळलं तरी ते त्याच्या हातात नसेल.

मी काही वर्षं एका कारखान्याच्या जनसंपर्क विभागात काम केलंय. अशा विभागात सहसा दोन-चार माणसं असतात आणि ईमेलचा पत्ता सगळ्यांचा मिळून एक. त्यावर पत्रकारांचे प्रश्न येतात, जाहिरातवाले येतात, देणगी मागणारी मंडळं येतात आणि परीक्षेच्या आधीच्या महिन्यांत विद्यार्थ्यांची पत्रं येतात. ज्याला दोन मिनिटांत उत्तर देता येतं त्याला उत्तर मिळतं. ज्याला अर्धा दिवस लागेल ते "नंतर बघू" म्हणून बाजूला पडतं, आणि हा 'नंतर' सहसा उजाडत नाही. 'संपूर्ण इतिहास' हे अर्ध्या दिवसाचंही काम नाही, त्याहून मोठं आहे. मग फार तर "कृपया आमची वेबसाइट पाहा" एवढी एक ओळ येते. त्यात उद्धटपणा नसतो, प्रश्नाच्या आकाराचं उत्तर असतं ते.

दुसरी गोष्ट लेटरहेडची. लेटरहेडवर लिहिलेलं वाक्य हे कंपनीचं अधिकृत म्हणणं ठरतं. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर हा मामला आणखी नाजूक. विक्री, नफा, नवी उत्पादनं, नवा कारखाना यांतली जी माहिती अजून जाहीर झालेली नाही, ती एखाद्याला आधी आणि बाकीच्यांना नंतर असं करायला सेबीच्या नियमांत मुभा नाही. त्यामुळे जनसंपर्कातला माणूस आधीच छापून आलेल्या गोष्टींपलीकडे स्वतःच्या अखत्यारीत काही लिहून देत नाही. त्याला कंपनी सेक्रेटरी किंवा कायदा विभागाला विचारावं लागतं, आणि बारावीच्या प्रकल्पासाठी तो ते करेल अशी आशा धरू नये. म्हणजे तुला जे मिळू शकतं ते बहुतेक सगळं आधीच छापलेलं आहे. ते तू आधी काढ, आणि कंपनीला फक्त तेवढंच विचार जे छापलेल्यातून उलगडत नाही.

आता तुझ्याच विषयावर हे करून पाहू.

पहिला खड्डा नावातच आहे. 'किर्लोस्कर कंपनी' अशी एकच कंपनी नाही. पंपांची किर्लोस्कर ब्रदर्स, इंजिनांची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, कॉम्प्रेसरची किर्लोस्कर न्यूमॅटिक, बिडाचे कास्टिंग करणारी किर्लोस्कर फेरस, बंगळूरची किर्लोस्कर इलेक्ट्रिक या सगळ्या वेगवेगळ्या कंपन्या आहेत. प्रत्येकीचं संचालक मंडळ वेगळं, वेबसाइट वेगळी, पत्ते वेगळे. 'किर्लोस्कर कंपनी, पुणे' असं लिहिलेलं पत्र आडनावाला जातं, कंपनीला जात नाही. किर्लोस्करवाडीचा कारखाना किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेडचा, पंपांचा. तुझा विषय तो. प्रकल्पाच्या मुखपृष्ठावरही पूर्ण नाव लिही, 'लिमिटेड'सकट.

आता या कंपनीचा ताजा वार्षिक अहवाल तिच्या वेबसाइटवर गुंतवणूकदारांच्या विभागात शोध. दोन-तीनशे पानांचं बाड असतं, घाबरू नकोस, सगळं वाचायचं नाही. आधी कंपनीचा ओळख क्रमांक बघ. कंपनी कायद्यानुसार तो प्रत्येक कंपनीला आपल्या पत्रांवर छापावाच लागतो. किर्लोस्कर ब्रदर्सचा असा आहे:

```
L29113PN1920PLC000670
```

हा क्रमांक वाचायला शिकलीस की अर्धं काम होतं. पहिलं `L` म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली. नोंदलेली नसती तर `U` असतं. पुढचे पाच आकडे उद्योगाचा प्रकार सांगतात, `PN` हे ठिकाणाचं अक्षर-चिन्ह, `PLC` म्हणजे पब्लिक लिमिटेड आणि शेवटी नोंदणीचा आकडा. मधे जे `1920` दिसतं, ते कंपनी कायद्याखाली नोंद झाल्याचं साल. म्हणजे स्थापनेचं साल सांगणारा कागद तुझ्या हातात आला, कुणालाही न विचारता.

मात्र या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. शेजारच्याच किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं उदाहरण घे. त्यांचा इतिहास १९४६ पासून सांगितला जातो, आणि तो बरोबर आहे. पण आजच्या कंपनीच्या ओळख क्रमांकात २००९ दिसतं. कारण त्या सुमारास व्यवसायाची फेररचना झाली, इंजिनांचा धंदा नव्याने नोंदलेल्या कंपनीत गेला आणि जुनं नाव त्या नव्या कंपनीला मिळालं. फक्त क्रमांक पाहून "स्थापना २००९" लिहिणारा विद्यार्थी साठ वर्षं गमावून बसेल. तेव्हा क्रमांकातलं साल हे कायदेशीर नोंदणीचं साल आहे एवढंच त्यावरून म्हणायचं. धंदा कधी सुरू झाला, हा प्रश्न वेगळा.

तो वेगळा प्रश्न तुझ्या विषयात फार छान रंगतो, म्हणून त्यावर जरा थांबू. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो, म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे भाऊ रामूअण्णा यांच्या बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होते. पुढे ते बेळगावला परतले आणि सायकलींच्या जोडीने शेतीची अवजारं बनू लागली: कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची भीती होती आणि सुरुवातीचे नांगर विकायला फार दिवस लागले, असं सांगतात. बेळगावातली जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान दिलं आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच स्टेशनचं नाव आज किर्लोस्करवाडी आहे, तू ते रोज बघत असशील. पुढे १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी म्हणून नोंदली गेली.

बघ, तीन सालं झाली: १८८८, १९१०, १९२०. यांतलं कुठलंच खोटं नाही. पहिलं धंद्याच्या सुरुवातीचं, दुसरं कारखान्याच्या गावाचं, तिसरं कायद्याच्या नोंदीचं. एका फाइलमध्ये एक साल, दुसरीत दुसरं असं होतं ते यामुळेच. 'स्थापना' या शीर्षकाखाली एकच आकडा टाकण्यापेक्षा ही तिन्ही सालं त्यांच्या कारणांसकट लिही. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला यातून आणखी एक चांगला मुद्दा मिळतो: भावांचा एकत्र धंदा आणि मर्यादित जबाबदारीची कंपनी यांत काय फरक, ते तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेच. ते इथे एका खऱ्या घराण्यावर लावून दाखवता येईल.

एक सावधगिरी. कंपनीच्या वेबसाइटवर 'भारतातलं पहिलं' अशी वाक्यं भेटतील. ती "कंपनीच्या म्हणण्यानुसार" असं म्हणून लिहायची. खोटी असतात म्हणून नाही, तर ती तू तपासलेली नाहीस म्हणून.

आता उत्पादनांची यादी. 'सर्व उत्पादनं' मागणाऱ्याला पंपाच्या कंपनीकडून काय मिळेल याची कल्पना कर. एकाच प्रकारच्या पंपाचे आकार, अश्वशक्ती, धातू, दाब यांप्रमाणे ढीगभर मॉडेल असतात आणि ते सगळे संकेतांकांत लिहिलेले. ती यादी जनसंपर्काकडे नसते, विक्री विभागाकडे असते, आणि मिळाली तरी तिचा तुला काही उपयोग नाही. तुला हवेत उत्पादनांचे गट. त्यासाठी पुन्हा त्याच वार्षिक अहवालात जा. बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना दरवर्षी व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वततेचा एक अहवाल द्यावा लागतो. अहवालात `BRSR` ही अक्षरं शोध, म्हणजे थेट तिथे पोचशील. त्याच्या 'अ' विभागात कंपनीचा ओळख क्रमांक, नोंदणीचं साल, पत्ते, आणि पुढे एक तक्ता असतो: एकूण उलाढालीच्या ९० टक्के भाग ज्यांच्यातून येतो ती उत्पादनं, आणि प्रत्येकाचा वाटा. तू पत्रात जे मागतेस, जवळजवळ तेच, कंपनीने सहीशिक्क्याने बाजाराला दिलेलं. माझ्या मते लेटरहेडपेक्षा हा कागद वरचढ आहे.

या तक्त्याची मर्यादाही ओळखून ठेव. उरलेल्या दहा टक्क्यांतलं काही त्यात येईलच असं नाही, आणि गटांची नावं फार मोघम असतात, 'पंप' एवढंच म्हणून मोकळे होतात. म्हणून दुसरी पायरी वेबसाइटवरच्या उत्पादनांच्या पानांची. तिथून सगळं उतरवून घेऊ नकोस. घेणारा कोण, यावरून चार-पाच ओळी कर. शेतकरी विहिरीवर बसवतो तो मोनोब्लॉक, बोअरमध्ये सोडतो तो सबमर्सिबल, नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचे मोठे पंप, इमारतींत आग विझवण्यासाठी ठेवलेले संच, आणि पंपांच्या जोडीने व्हॉल्व्ह. ताकारीच्या उपसा योजनेवर मोठाले पंप पाहिले असशील. ते कुणाचे आहेत हे गृहीत धरून फाइलमध्ये लिहू नकोस, प्रत्येक पंपावर कंपनीची पट्टी असते, ती वाचून मगच लिही.

आणि याच्या शेजारी दुसरा रकाना कर, जुन्या काळचा: नांगर, कडबा कापायची यंत्रं, उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं. हे कुठे मिळेल? शं. वा. किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक काढलं, ते कारखान्याचंच होतं. जुन्या वाचनालयांत त्याचे अंक बांधून ठेवलेले सापडतात. त्यांतल्या कारखान्याच्या जाहिराती बघ. एखादं उत्पादन त्या वर्षी विकलं जात होतं याचा जाहिरातीइतका सरळ पुरावा दुसरा नाही. गावातल्या जुन्या कामगारांनाही विचार, कुठल्या शॉपमध्ये काय बनायचं ते ते तोंडपाठ सांगतील. फक्त साल त्यांच्या आठवणीवर टाकू नकोस.

एवढं झालं की मग पत्र. आता विचारायला काय उरलं? दोन-तीनच गोष्टी, आणि त्यांचं उत्तर "हो", "नाही" किंवा एका ओळीत देता येईल अशा. पत्र साधारण असं लिही:

> विषय: बारावी वाणिज्य प्रकल्प – दोन मुद्द्यांची खातरजमा व एका छायाचित्रासाठी परवानगी
>
> महोदय/महोदया,
>
> मी (कॉलेजचं नाव) येथे बारावी वाणिज्य शाखेत शिकते. 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड: स्थापना आणि उत्पादनं' या विषयावर माझा प्रकल्प आहे. आपला वार्षिक अहवाल व वेबसाइट मी पाहिली आहे. सोबत एका पानाचं टिपण जोडलं आहे.
>
> १. टिपणात मी १८८८ (व्यवसायाची सुरुवात), १९१० (किर्लोस्करवाडी) व १९२० (कंपनी म्हणून नोंदणी) अशी तीन सालं दिली आहेत. यांत काही चूक असल्यास कृपया कळवावं.
>
> २. शेतीची अवजारं बनवणं कंपनीने साधारण कोणत्या काळात थांबवलं, याचा उल्लेख आपल्या एखाद्या प्रकाशित साहित्यात असल्यास त्याचं नाव कळवावं.
>
> ३. वेबसाइटवरील (पानाचं नाव) येथील छायाचित्र प्रकल्पाच्या छापील प्रतीत, श्रेय देऊन, वापरण्यास परवानगी मिळावी. प्रकल्प फक्त कॉलेजात सादर होणार आहे.
>
> प्रकल्प (तारीख) रोजी द्यायचा आहे. कॉलेजचं ओळखपत्र जोडलं आहे.
>
> आपली,
> (नाव, वर्ग, कॉलेज)

दुसरा मुद्दा नीट बघ. त्यात मी माहिती मागितलेली नाही, प्रकाशित साहित्याचं नाव मागितलंय. त्या माणसाला कुणाची परवानगी न घेता हे सांगता येतं, आणि कदाचित तो एखादी जुनी स्मरणिका स्कॅन करूनही पाठवेल. विभागातल्या जुन्या माणसांना अशा प्रश्नात रस असतो, असा माझा अनुभव आहे. "सर्व माहिती पाठवा" वाचून कुणीच कपाट उघडत नाही. पहिल्या मुद्द्यातही चूक दाखवायला सांगितलंय. चूक दिसली की माणसाला राहवत नाही, तो उत्तर देतोच!

पत्र मराठीत चालेल का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असेल. पुण्यातल्या कार्यालयात मराठी पत्र वाचायला अडचण येत नाही. विषयाची ओळ मात्र मराठीबरोबर इंग्रजीतही दे, म्हणजे पत्र दुसऱ्या विभागाकडे पुढे पाठवावं लागलं तर अडणार नाही.

पत्ता कुठला? वेबसाइटच्या 'संपर्क' पानावर जनसंपर्काचा किंवा माध्यमांसाठीचा ईमेल असेल तर तो, नसेल तर सर्वसाधारण चौकशीचा. वार्षिक अहवालात गुंतवणूकदारांच्या तक्रारींसाठी कंपनी सेक्रेटरीचा पत्ता असतो, त्यावर पाठवायचं नाही. तो भागधारकांसाठी आहे. आणि एकाच वेळी अध्यक्षांपासून दहा पत्त्यांवर पाठवू नकोस. दहा जणांना गेलेलं पत्र प्रत्येक जण दुसऱ्याचं समजतो. जोडायचं ते टिपण एकाच पानाचं, पीडीएफमध्ये. ओळखपत्र म्हणून कॉलेजचंच कार्ड, आधार कार्ड कधीही नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्जही इथे चालत नाही, ही सरकारी कंपनी नाही.

प्रकल्प द्यायच्या तारखेआधी किमान महिनाभर पाठव. दोन आठवड्यांत काही आलं नाही, तर त्याच ईमेलला उत्तर देऊन दोन ओळींची एक आठवण कर. तेवढीच. किर्लोस्करवाडी जवळ आहे म्हणून गेटवर जाऊन उभी राहू नकोस. कारखाना पाहण्याची परवानगी हा वेगळा विषय आहे, ती कारखान्याचं मनुष्यबळ विभाग देतं, आणि त्यासाठी पत्र तुझ्या सहीचं नाही, प्राचार्यांच्या सहीचं लागतं. वर्गातल्या सगळ्यांना मिळून नेत असतील तर सरांनाच ते करायला सांग.

उत्तर नाही आलं तरी प्रकल्प अडत नाही, कारण तो तुझ्याकडे आधीच लिहून तयार आहे. परिशिष्टात तीन कागद लाव: ओळख क्रमांक असलेलं वार्षिक अहवालाचं पान, उत्पादनांच्या वाट्याचा तो तक्ता, आणि तू पाठवलेल्या पत्राची तारखेसकट प्रत. उत्तर आलं तर ते चौथं. तीन सालांच्या मजकुरात कंपनीने काही दुरुस्ती सुचवली असेल, तर जुनं वाक्य खोडून टाकू नकोस. आपण काय लिहिलं होतं आणि कंपनीने काय कळवलं, दोन्ही तळटिपेत दे, म्हणजे सरांना दोन्ही ताडून पाहता येतील.